झोपेचं पत्र आणि त्यात न लिहिलेली एक ओळ

"मॅडम, डॉक्टरांसमोर बसलं की सगळं विसरायला होतं. सहा वर्षं झाली, नीट झोप नाही, आणि दर वेळी पाच मिनिटांत गोळी घेऊन बाहेर येते. पत्र लिहून नेलं तर चालेल का? आणि त्यात लिहू तरी काय?"

चालेल काय, न्याच. पण डॉक्टर ते तुमच्यासमोर दीड-दोन मिनिटांत वाचून काढतील एवढंच असू दे, म्हणजे एक पान, तेही मोठ्या अक्षरात. दोन-तीन दिवस आधी दवाखान्यात देता आलं तर उत्तमच. हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता एक केस सविस्तर लिहूनच टाकते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

या ताई सेहेचाळीस वर्षांच्या, पहिल्याच भेटीत त्यांनी पर्समधून चार पानं काढली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पहिलं पान सगळं वडिलांच्या आजारपणाचं, कारण झोप तेव्हापासून गेली. दुसऱ्यावर ऑफिसमधलं राजकारण. झोपेबद्दलचं पहिलं वाक्य तिसऱ्या पानाच्या मध्यावर, "मला दोनच तास झोप लागते." मी वाचलं आणि त्यांना विचारलं, "यातली डॉक्टरांनी कुठली एक ओळ वाचलीच पाहिजे?" त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या आणि म्हणाल्या, "ती यात नाहीये बहुतेक."

त्या असं बोलल्या म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले हे कबूल करते. पण ती ओळ कुठली हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

झोपेच्या तक्रारींवर मी ज्या विचाराने काम करते त्यात झोप कशामुळे गेली आणि कशामुळे परत येत नाही या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. वडिलांचं आजारपण संपून पाच वर्षं झाली होती, मग अजून काय चालू आहे? त्रास कसा सुरू झाला याला पत्रात दोन ओळी पुरतात, बाकी सगळी जागा आजच्या रात्रीला द्यायची. म्हणून मी त्यांना चौदा दिवसांची नोंद करायला सांगितली. सकाळी उठल्यावर अंदाजानेच लिहायचं, रात्री घड्याळ बघायचं नाही (बघितलं की झोप आणखी पळते): गादीवर कधी गेले, डोळा कधी लागला असेल, किती वेळा जाग आली, कशाने आली, शेवटी कधी उठले, दिवसा कुठे डुलकी लागली का, आणि त्या रात्री कुठली गोळी घेतली. बस.

चौदा दिवसांनी हिशोब केला तेव्हा त्याच गप्प झाल्या. गादीवर सरासरी साडेआठ तास आणि झोप साधारण पाच तास. दोन नाही, पाच. त्या जरा दुखावल्याच, "म्हणजे मी खोटं बोलत होते?" मी म्हटलं अजिबात नाही, तुटक झोप आठवणीत पुष्कळदा कमीच राहते. पण डॉक्टरांना दोन तास सांगितले तर ते तुमच्या त्रासाकडे बघतील, पाच तास आणि रात्रीत तीनदा जाग असं सांगितलं तर झोपेकडे बघतील. पत्रात "रात्रभर जागी असते"च्या ऐवजी नेहमीची एक रात्र, सगळ्यात चांगली एक आणि सगळ्यात वाईट एक, असं लिहिलेलं जास्त कामाला येतं.

आता माझी चूक. गादीवरचे साडेआठ तास आणि झोपेचे पाच बघून मला चित्र अगदी स्वच्छ दिसलं, ही तर माझ्या हातची केस, गादीवरचा वेळ कमी केला की झोप एकत्र येईल. पुढच्याच भेटीत तसं सांगणार होते. पण नोंदीतली एक गोष्ट खटकत होती. चौदापैकी अकरा सकाळी "डोकं जड" लिहिलेलं, "घसा कोरडा" सात वेळा, आणि रात्री दोनदा लघवीला उठणं जवळपास रोज. नुसत्या काळजीने जागं राहणारा माणूस दिवसा बहुतेक वेळा थकलेला असतो पण दुपारी आडवं पडलं तरी त्याला झोप लागत नाही. या ताई मीटिंगमध्ये पेंगत होत्या आणि एकदा सिग्नलला गाडी उभी असताना डोळा लागला होता.

मी विचारलं, "रात्री तुम्हाला झोपलेलं बघणारं कोणी आहे का?"

"नवरा दुसऱ्या खोलीत झोपतो."

"कधीपासून?"

"झाली चार-पाच वर्षं. त्याची झोपमोड होते."

"तुमच्या जागण्याने?"

त्या खाली बघत नोंदवहीचा कोपरा दुमडत राहिल्या, मग सरळ करत राहिल्या. मी काहीच बोलले नाही, अशा वेळी काही बोलायचं नसतं हे शिकायला मला बरीच वर्षं लागलीत. शेवटी म्हणाल्या, "जागण्याने नाही. आवाजाने. मी घोरते." आणि लगेच, "हे लिहायलाच हवं का? बाईमाणसाने घोरते असं कसं लिहायचं?"

तीच ओळ होती. सहा वर्षांत तीन डॉक्टरांकडे त्या "झोप लागत नाही" म्हणत गेल्या, घोरण्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. झोपेत घशाची वाट अधूनमधून बंद होऊन श्वास अडकतो तो जो आजार, तो लोकांना जाड मानेच्या पुरुषाचाच वाटतो. बायकांमध्ये तो पुष्कळदा झोप तुटणं, थकवा, सकाळचं डोकं दुखणं अशा वेषात येतो आणि पाळी जायच्या वयानंतर त्याचं प्रमाण वाढतं. श्वास अडकला की मेंदू जागा करतो, आणि जागं झाल्यावर काळजी आयतीच हजर असते, मग माणसाला वाटतं काळजीनेच उठवलं. मलाही तसंच वाटलं होतं! मी सांगणार होते ते केलं असतं तर आधीच पेंगणारी बाई आणखी कमी झोपून गाडी चालवत राहिली असती, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, रात्री नक्की काय होतं? पुढच्या भेटीत पत्राचा नवा कागद घेऊन आल्या, आणि त्यांच्या अक्षराखाली दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती, "घोरता घोरता एकदम शांत होते, मग दचकून श्वास घेते. मी पूर्वी शेजारी झोपून मोजायचो." एवढी वर्षं त्या समजत होत्या तो कंटाळून दुसऱ्या खोलीत गेला.

दुसरी अडचण गोळ्यांची. पत्रात आधी होतं, "झोपेची गोळी घेते." मी म्हटलं पाकिटं घेऊन या. निघालं असं: क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, दोन वर्षं रोज, जुन्या डॉक्टरांनी दिलेली. वाईट रात्री स्वतःच्या मनाने अर्धी जास्त. शिवाय सर्दीची, झोप आणणारी गोळी आठवड्यातून दोन-तीनदा, सर्दी नसताना. हे त्यांना लिहायचं नव्हतं, डॉक्टर रागावतील म्हणून. पण असल्या गोळ्या काही जणांत श्वासाचा अडथळा वाढवू शकतात, त्यामुळे "घोरते" आणि "ही गोळी रोज" या दोन ओळी एकाच पानावर येणं हीच त्या पत्राची खरी किंमत होती. वेगवेगळ्या भेटींत वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगितल्या तर त्या कधी एकत्र येत नाहीत. आणि हो, हे वाचून कुणी रोजची गोळी एकदम बंद करू नका, रोज बरेच दिवस घेतलेली अशी गोळी अचानक थांबवली तर झोप आणखी बिघडते आणि क्वचित झटकेही येऊ शकतात. ती हळूहळू डॉक्टरच कमी करतात.

शेवटी पत्र असं झालं, त्यांच्या परवानगीने देते:

"डॉक्टर, येण्याचं कारण: रात्री झोप मध्येच तुटते आणि दिवसा पेंग येते. ६ वर्षं. गोळी वाढवण्याआधी कारण शोधायला मदत हवी आहे.

सुरुवात वडिलांच्या आजारपणात झाली. ते कारण आता नाही, त्रास वाढलाय.

१४ रात्रींची नोंद सोबत आहे. गादीवर साडेआठ तास, झोप अंदाजे ५. रोज २-३ वेळा जाग, त्यात दोनदा लघवीला. चांगली रात्र ६ तास, वाईट ३. बहुतेक सकाळी डोकं जड, घसा कोरडा.

मी मोठ्याने घोरते. नवऱ्याने श्वास थांबलेला पाहिलाय (त्याची ओळ खाली आहे).

दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो, एकदा गाडीत सिग्नलला लागला. आता गाडी चालवत नाही.

गोळ्या: क्लोनाझेपाम ०.५, रोज रात्री, २ वर्षं, कधी दीड घेतली. सर्दीची गोळी आठवड्याला २-३. रक्तदाब गेल्या वर्षी दोनदा जास्त आला होता, औषध नाही. पाळी अनियमित, वर्ष झालं.

करून बघितलं: मोबाईल लांब, संध्याकाळी चालणं, दुपारनंतर चहा बंद. फरक नाही.

दोन प्रश्न: झोपेत श्वास अडकतोय का हे तपासायला हवं का? आणि ही गोळी तोपर्यंत घ्यावी का?"

बघा, यात कुठेही "मला अमुक आजार आहे" असं नाही. डॉक्टरांना निदान लिहून दिलं की अर्धा वेळ ते निदान खोडण्यात जातो, निरीक्षण दिलं की ते त्यावर काम करतात. वडिलांची एकच ओळ राहिली याचं ताईंना वाईट वाटलं, मी म्हटलं ते सगळं माझ्याकडे बोला, तो वेळ माझा आहे. गाडीतल्या डुलकीची ओळ मी मुद्दाम वर घ्यायला सांगितली होती, त्यांनी ऐकलं नाही, आणि तरी डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याच ओळीवर बोट ठेवलं. असं काही तुमच्या बाबतीत घडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर पत्र सुबक होण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

त्या भेटीत डॉक्टरांनी मान आणि रक्तदाब मोजला, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघितलं आणि घरीच करायची एका रात्रीची झोपेची तपासणी लिहून दिली. तासाला २२ वेळा श्वास अडकत किंवा उथळ होत होता, मोठ्या माणसात पाचच्या आत असेल तर ठीक धरतात. रात्री नाकावर लावायचं हवेच्या दाबाचं मशीन आलं. पहिले तीन आठवडे त्यांनी त्या मास्कला मनसोक्त शिव्या दिल्या, मास्कचा साईज बदलल्यावर जमलं. डोकेदुखी गेली, लघवीला उठणं एकदावर आलं. पहाटे तीनला डोळा उघडायची सवय मात्र राहिलीच, सहा वर्षांची होती ती, आणि तिच्यावर मग आम्ही काम केलं, गादीवरचा वेळ कमी करण्याचं, या वेळी डॉक्टरांना विचारून. गोळी त्यांनी पाच महिन्यांत थोडी थोडी करत बंद केली.

फेरतपासणीचं पत्र ताईंनी मला न दाखवताच लिहिलं, सात ओळींचं. नंतर मोबाईलवर फोटो पाठवला. शेवटची ओळ होती, "नवरा परत याच खोलीत झोपतो. मशीनचा आवाज होतो म्हणतो, पण मोजावं लागत नाही."