रेशनच्या तांदळातले पिवळसर दाणे

प्रश्न: कळव्याला रेशनच्या तांदळात काही दाणे पिवळसर आहेत, धुताना तरंगतात. प्लास्टिक आहे का? काढून टाकू?

उत्तर: प्लास्टिक नाही, काढू नका. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी १२ मिसळून ते यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात, वाळवतात आणि साध्या तांदळात १०० ला १ या प्रमाणात मिसळतात. म्हणजे ५ किलोत जेमतेम ५० ग्रॅम. ते निवडून टाकले की उरतो साधा तांदूळ.

फायदा किती? किलोमागे लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. माणशी महिना ५ किलो धरले तर रोज साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम. बाईची गरज २९. त्यातलंही थोडंच अंगी लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. म्हणून डाळ, पालेभाजी, लिंबू हवंच. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तर मुळीच बंद करू नका. भात बेताच्या पाण्यात शिजवा. पेज ओतून दिली तर जीवनसत्त्वं जातात.

घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.