रिकाम्या राहिलेल्या शेवटच्या ओळीची गोष्ट

प्रश्न: पहिल्यांदाच बहुपर्यायी परीक्षा देणारा घाबरट विद्यार्थी अभ्यास असूनही इतका कसा आपटतो? पेपर काढणाऱ्या एखाद्या शिक्षकाने अनुभव सांगावा.

मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. आठवीच्या मुलांसाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा होते. तिच्या दोन्ही पेपरांत प्रत्येकी 90 प्रश्न असतात आणि प्रत्येक पेपरला 90 मिनिटे मिळतात. निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, त्यामुळे आमच्याकडील सोयाबीनवर घर चालणाऱ्या पालकांना ही परीक्षा चांगली ठाऊक असते. तिच्या तयारीसाठी मी दिवाळीच्या सुट्टीनंतर 40 प्रश्नांचा एक सराव पेपर काढला होता आणि उत्तरांसाठी खऱ्या परीक्षेसारखी गोलांची ओएमआर उत्तरपत्रिका छापून घेतली होती. वर्गातील एका मुलीच्या बाबतीत त्या पेपरात जे घडले, तेच येथे सांगतो. तिचे नाव लिहीत नाही.

ही मुलगी वर्गात हुशार म्हणून ओळखली जाई, पण परीक्षेच्या दिवशी तिच्या हाताला घाम सुटत असे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला ती बसली नव्हती, त्यामुळे गोल काळे करण्याचा प्रसंग तिच्यावर प्रथमच येत होता. पेपर सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तिने हात वर केला. जवळ गेल्यावर ती हळूच म्हणाली, “सर, तेरावा प्रश्न चुकलाय वाटतं. तीन उत्तरं बरोबर दिसायलेत.” मी तिला एवढेच सांगितले की प्रश्न पुन्हा एकदा वाच, नाहीतर सोडून पुढे जा. तेरावा प्रश्न असा होता: अणूविषयी खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे? पर्याय होते, अणूचे बहुतेक वस्तुमान केंद्रकात असते, इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असतो, न्यूट्रॉन धनप्रभारित असतो आणि अणुअंक म्हणजे केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या. ‘चुकीचे’ हा शब्द मी ठळक छापला होता. तरीही घाबरलेल्या मुलाची नजर प्रश्नावर टिकत नाही, ती थेट पर्यायांवर उडी घेते आणि बरोबर विधान शोधू लागते. मग पहिला पर्याय बरोबर, दुसराही बरोबर, चौथाही बरोबर, असे होऊन मूल गोंधळते आणि पेपरच चुकला असे त्याला वाटू लागते. बरोबर पर्याय एकापेक्षा जास्त दिसू लागले की प्रश्नात नकार आहे का हे आधी पाहावे, असे मी आता मुलांना आवर्जून सांगतो. तिने तो प्रश्न सोडला आणि वेळ गेला म्हणून घाईने चौदाव्याकडे वळली.

संध्याकाळी मी पेपर तपासायला घेतले. आमच्याकडे तपासणीचे यंत्र नाही. उत्तरपत्रिकेच्या मापाचा पुठ्ठा घेऊन बरोबर उत्तरांच्या जागी छिद्रे पाडायची आणि तो उत्तरपत्रिकेवर ठेवून किती छिद्रांतून काळे ठिपके दिसतात ते मोजायचे, ही जुनी पद्धत मी वापरतो. तिच्या उत्तरपत्रिकेवर 40 पैकी 17 ठिपके दिसले. चार पर्यायांच्या पेपरात डोळे मिटून गोल काळे केले तरी सरासरी दहाच्या आसपास गुण पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे 17 हा आकडा तिच्यासारख्या मुलीला किती कमी होता ते कळेल.

मी पुन्हा एकेक ओळ पाहिली. पहिल्या 12 प्रश्नांपैकी 11 बरोबर होते, आणि त्यात नववा प्रश्नही होता, जो वर्गात फारच थोड्या मुलांना आला होता. तेराव्यानंतर मात्र सगळे कोसळले होते. पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते, या सोळाव्या प्रश्नाला तिने ‘रिक्तिका’ हा पर्याय काळा केला होता. तंतुकणिका हे उत्तर ती वर्गात मी प्रश्न पूर्ण करण्याआधी सांगत असे. अवघड प्रश्न बरोबर आणि सोपे चूक, असे चित्र दिसले की दोष अभ्यासात नसून दुसरीकडे कुठेतरी आहे, असा संशय घ्यावा.

माझा संशय पक्का झाला तो बाविसाव्या प्रश्नावर, आणि याचे कारण पेपर काढणाऱ्यालाच नीट कळू शकते. चुकीचे पर्याय आम्ही हवेतून आणत नाही. मुले ज्या वाटेने चुकतात, त्या वाटेच्या टोकाला जे उत्तर येते तेच पर्याय म्हणून ठेवतो. बाविसावा प्रश्न असा होता: एक मुलगा घरापासून 15 मीटर उत्तरेकडे चालत विहिरीपर्यंत गेला आणि तेथून 20 मीटर पूर्वेकडे चालत गेला, तर त्याचे विस्थापन किती? पायथागोरसच्या प्रमेयाने 15 चा वर्ग 225 आणि 20 चा वर्ग 400, त्यांची बेरीज 625 आणि तिचे वर्गमूळ 25 मीटर, हे उत्तर येते. ज्याला अंतर आणि विस्थापन यांतला फरक कळलेला नाही, तो दोन्ही संख्या मिळवून 35 म्हणतो. दिशा वेगळ्या आहेत एवढेच ज्याच्या लक्षात राहिले, तो वजाबाकी करून 5 म्हणतो. चौथा पर्याय 17.5 हा मी केवळ संख्या पूर्ण करण्यासाठी ठेवला होता, कारण विस्थापन काढताना सरासरी कोणीच काढत नाही. चढत्या क्रमाने मांडल्यावर पर्याय झाले 5, 17.5, 25 आणि 35. या मुलीने दुसरा पर्याय, म्हणजे 17.5, काळा केला होता.

ज्याला उत्तर येत नाही, तो 35 वर जातो किंवा फार तर 5 वर. 17.5 कडे नेणारी वाट एकाही मुलाच्या डोक्यात नसते. ती 17.5 वर गेली, याचा अर्थ ते बाविसाव्या प्रश्नाचे उत्तरच नव्हते. मी उत्तरसूची पाहिली. तेविसाव्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दुसरा पर्याय होते.

मग मी तो पुठ्ठा एक ओळ वर सरकवला. चौदाव्या प्रश्नाचे छिद्र तेराव्या ओळीवर आले, पंधराव्याचे चौदाव्या ओळीवर, आणि छिद्रांतून भराभर काळे ठिपके दिसू लागले. 27 पैकी 24 छिद्रे भरलेली होती. तेरावा प्रश्न सोडताना तिने तेरावी ओळ मात्र सोडली नव्हती. चौदाव्याचे उत्तर तिने तेराव्या ओळीत काळे केले आणि तेथून शेवटपर्यंतची सगळी उत्तरे एकेक ओळ वर चढली. तसे पाहता तिचे गुण 35 होते.

शेवटी तरी हे लक्षात यायला हवे होते, असे कोणालाही वाटेल. पण या चुकीचा खरा सापळा तिथेच असतो. चाळिसाव्या प्रश्नाचे उत्तर एकोणचाळिसाव्या ओळीत गेले आणि चाळिसावी ओळ रिकामी राहिली. तिला आठवत होते की आपण एक प्रश्न सोडला आहे, आणि समोर एक ओळ रिकामी होती. हिशेब जुळला, म्हणून तिने उत्तरपत्रिका निर्धास्तपणे दिली. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हाही ती म्हणाली, “एकच सोडलाय सर, तेराचा.” तेराव्या ओळीकडे तिने एकदाही वळून पाहिले नव्हते.

तिला मी गुण सांगितले नाहीत. तिची प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि पुठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि बाविसावा प्रश्न कसा सोडवला ते विचारले. प्रश्नपत्रिकेच्या कडेला तिने 225 अधिक 400 केलेले होते आणि 25 ला गोल केला होता. उत्तरपत्रिकेच्या बाविसाव्या ओळीवर बोट ठेवल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. पुठ्ठा तिने स्वतःच सरकवून पाहिला. वहीत मी गुण मात्र 17 च लिहिले आणि कंसात 35 लिहिले. काही सहकाऱ्यांना ते कठोर वाटले, पण खऱ्या परीक्षेत उत्तरपत्रिका यंत्र तपासते आणि यंत्र कोणासाठी पुठ्ठा सरकवत नाही.

यावर उपाय म्हणून तिला ज्या सवयी लावल्या, त्या फार नाहीत. प्रश्न सोडायचा असेल तर प्रश्नपत्रिकेवर त्याच्या क्रमांकाभोवती मोठा गोल करायचा. उत्तरपत्रिकेवर कोणतीही खूण करायची नाही, कारण तेथे नको ती खूण यंत्र उत्तर म्हणून वाचू शकते. गोल काळा करण्यापूर्वी प्रश्नाचा क्रमांक मनात उच्चारायचा आणि ओळीवर डाव्या हाताचे बोट ठेवायचे. प्रत्येक पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक जुळतो का ते पाहायचे, म्हणजे घसरण झालीच तरी चार-पाच ओळींपेक्षा पुढे जात नाही. सगळी उत्तरे आधी प्रश्नपत्रिकेवर लिहून शेवटी एकदम गोल भरावेत असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही, कारण 90 मिनिटांत 90 प्रश्न सोडवताना शेवटची दहा मिनिटे हाताशी राहतीलच याचा भरवसा नसतो. एक पान सोडवावे आणि त्या पानाचे गोल भरावेत, हा मधला मार्ग बरा.

आणखी एक गोष्ट तिने स्वतःच विचारली: मध्येच कळले की ओळ चुकली आहे, तर काय करावे? बॉलपेनने काळा केलेला गोल पुसता येत नाही, आणि एका ओळीत दोन गोल काळे झाले तर तो प्रश्न गेलाच. म्हणून मागच्या ओळींशी झटापट न करता त्या क्षणापासून बरोबर ओळीवर यावे. तिसाव्या ओळीवर कळले तरी पुढचे सगळे प्रश्न वाचतात. शिवाय या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे सोडलेल्या प्रश्नाकडे वेळ संपण्यापूर्वी परत यावे आणि काहीतरी उत्तर द्यावेच.

पुढच्या सराव पेपरात तिला 33 गुण मिळाले, आणि या वेळी पुठ्ठा कुठेही सरकवावा लागला नाही. तिच्या सात चुकांपैकी पाच अगदी मी ठेवलेल्या फसव्या पर्यायांवरच होत्या, आणि त्यातल्या तीन घनतेच्या एककांच्या, म्हणजे ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरचे किलोग्रॅम प्रति घन मीटरमध्ये रूपांतर करताना 1000 ने गुणायचे की भागायचे या गोंधळाच्या होत्या. ती रूपांतरे आम्ही पुढच्या तासाला सगळ्या वर्गाबरोबर पुन्हा सोडवली.