स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टमधला ‘प्रेडिक्टेड’ रकाना

छातीरोगांचा डॉक्टर म्हणून मला महिनाभर रिपोर्टचे फोटो येत असतात. स्पायरोमेट्री म्हणजे मशीनमध्ये जोरात फुंकून फुफ्फुसांतली हवा मोजायची तपासणी. बहुतेकांची नजर टक्क्यांवरच खिळलेली असते, आणि ते टक्के कशाचे हे कोणी विचारत नाही. तुमच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाकडून जो आकडा अपेक्षित असतो तो ‘प्रेडिक्टेड’, आणि टक्के त्याचे.

प्रश्न : मी आणि बायको, दोघंही चाळिशीचे, दोघांची उंची १६५ सेंमी. तरी मशीनने तिच्यासाठी कमी आकडा का धरला?

उंची सारखी असली तरी बाईच्या बरगड्यांचा पिंजरा लहान असतो, त्यामुळे आतली फुफ्फुसंही लहान असतात. पहिल्या सेकंदात जोरात सोडलेली हवा म्हणजे एफईव्ही-वन. १९९३ साली छापलेल्या युरोपीय सूत्राने तुमचा अपेक्षित एफईव्ही-वन ३.४ लिटर येतो आणि त्यांचा २.९. दोन्ही आकडे नॉर्मलच.

प्रश्न : माझं वजन ९५ किलो आहे. मग अपेक्षित आकडाही जास्त येईल ना?

नाही. बहुतेक सूत्रांत वजन नसतंच. सुटलेलं पोट मात्र प्रत्यक्षातला आकडा खाली ओढतं.

प्रश्न : आईचं वय ६२. मार्चमध्ये ७४ टक्के आले, जूनमध्ये दुसऱ्या लॅबमध्ये ८६. सुधारणा झाली ना? शेजारी म्हणतात, ८० च्या वर गेलं की दम्याचा पंप बंद करायचा.

तुम्ही पाठवलेले दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. एफईव्ही-वन दोन्हीकडे १.६० लिटरच आहे, म्हणजे आईच्या फुंकरीत काडीचाही फरक नाही. फरक आहे तो वरच्या कोपऱ्यात. मार्चमध्ये उंची १६० लिहिली आहे, जूनमध्ये १५२. त्याच युरोपीय सूत्रात १६० घातले की अपेक्षित आकडा २.१७ येतो, १५२ घातले की १.८५. भागाकार तुम्हीच करून बघा. आठ सेंटिमीटरांनी बारा टक्क्यांची ‘सुधारणा’ झाली!

हे मला रोज दिसतं. काउंटरवरची मुलगी “उंची किती?” विचारते आणि माणूस लग्नाच्या वेळची उंची सांगतो. उंची मोजायची असते, विचारायची नसते. चपला काढून, टाचा भिंतीला लावून, नजर समोर. पाठीला बाक आला असेल तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. १८४६ साली ब्रिटिश डॉक्टर हचिन्सन यांनी दोन हजारांवर लोकांच्या फुंकरी मोजून उंचीप्रमाणे फुंकर किती भरते याचा हिशेब मांडला होता. तरी आपल्याकडे टेप भिंतीला लावायचा कंटाळा.

आता ते ८०. सारख्या वयाचे, उंचीचे शंभर निरोगी लोक घेतले तर त्यांच्यातही फरक असतोच. सगळ्यांत कमी फुंकणाऱ्या पाच जणांच्या वर जी रेघ पडते तिला खालची मर्यादा म्हणतात. १७५ सेंमी उंचीच्या पंचविशीच्या मुलाची ही रेघ खरोखरच ८० टक्क्यांच्या आसपास येते. पण वय वाढलं आणि उंची कमी असली की अपेक्षित आकडा घटतो. माणसामाणसांतला फरक त्या मानाने घटत नाही. म्हणून १५२ सेंमीच्या तुमच्या आईची रेघ १.२३ लिटरवर, म्हणजे ६६ टक्क्यांवर येते. तरण्या मुलाचं माप म्हातारीला लावलं की निरोगी बाईही आजारी ठरते.

शिवाय सूत्र कुठल्या लोकांवरून काढलं यानेही टक्के हलतात. सारख्या उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा आपली फुंकर सरासरीने कमी भरते. दोन्ही लॅबनी कुठलं सूत्र वापरलं ते रिपोर्टवर वाचा आणि दोन्ही कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. दम्यात पंप चालू असताना आकडा चांगलाच येतो. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पंप बंद करू नका.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे, आयुष्यात विडी ओढली नाही. एफईव्ही-वन आणि एकूण फुंकर यांचं प्रमाण ६८ आलं. ७० च्या खाली म्हणजे सीओपीडी असं सांगितलं.

एवढ्यावरून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, ठरत नाही. वयानुसार फुफ्फुसाचा ताण सैल पडतो, बारीक नळ्या लवकर मिटतात आणि हे प्रमाण आपोआप उतरतं. या वयात ६८ नॉर्मल असू शकतं. उलट पंचविशीच्या मुलाला ७१ आलं तर मी त्याला सोडणार नाही. खोकला, धाप किंवा चुलीच्या धुरात गेलेली वर्षं असतील, तर पंप देऊन पुन्हा तपासणी करून घ्या.

प्रश्न : शिबिरात माझ्या ‘फुफ्फुसाचं वय ७१’ निघालं. मी ५० चा आहे. तिथेच व्यायामाचं यंत्र विकत होते.

सिगारेट ओढणाऱ्याला धक्का देण्यासाठी काढलेली ती युक्ती आहे, निदान नव्हे. यंत्र घेऊ नका, नीट स्पायरोमेट्री करा.

प्रश्न : ९४ टक्के आले, पण गेल्या वर्षापासून दुसऱ्या मजल्यावर धाप लागते.

१०० ही नुसती सरासरी आहे. कित्येक निरोगी लोक ११५-१२० ला असतात. तुम्ही पूर्वी तिथे असाल तर ९४ ही घसरण आहे. वयामुळे एफईव्ही-वन वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटर उतरतो, म्हणजे चार वर्षांत शंभर-सव्वाशे. जुना रिपोर्ट शोधा आणि टक्के सोडून लिटर ताडून बघा. त्याहून जास्त घट असेल तर डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवा. घट नसली तरी हृदय आणि हिमोग्लोबिन तपासायला हवं. वर्ष आधीच वाया गेलं आहे. जुना कागद सापडला नाही तरी याच आठवड्यात जा.