आग्रह मोडताना काय म्हणावं?

प्रश्न : सासरच्या नातेवाइकांकडे गेलं की 'अजून एक पोळी घे', 'जेवूनच जा' असा आग्रह होतो. 'नको' म्हटलं तर कोणी ऐकत नाही, 'पुरे' म्हटलं तर तुटक वाटतं. मन न दुखावता काय म्हणावं?

पहिला 'नको' आपल्याकडे संकोचाचाच समजला जातो. त्यातून घाईने 'नको नको' म्हटलं तर वाढणाऱ्याला हमखास वाटतं, हवंय पण लाजतेय. म्हणून 'नको' एकदाच, सावकाश म्हणावं आणि त्याआधी पदार्थाबद्दल बोलावं. समजा, काकू तिसरी पुरणपोळी घेऊन आल्या. 'काकू, पुरण काय सुरेख झालंय! दोन खाल्ल्या, अगदी पोटभर झालं. आता खरंच नको हं.' आधी दाद दिली, की 'आवडली नाही का गं?' हा प्रश्न उरतच नाही. नुसतं 'भूक नाही' म्हटलं की तो हमखास येतो.

'पुरे' आणि 'बास' मुळात वाईट नाहीत, पण एकटे आले की हुकमासारखे वाटतात. वडीलधाऱ्यांशी बोलताना 'पुरे हं काकू आता' असं म्हटलं की धार जाते. तो 'हं' गाळू नये.

तरीही पोळी ताटावर आलीच, तर हात आडवा धरून माप स्वतः सांगावं : 'बरं, चतकोर द्या, तुमच्या हातची म्हणून.' 'थोडी चालेल' म्हणू नये. त्या 'थोडी'चं माप काकू ठरवतात आणि अख्खी पोळी पानात पडते. चतकोर संपायच्या आत 'आता मला ताकभातच वाढा' म्हणावं. ताकभात मागितला म्हणजे जेवण आटोपत आलं, हे वाढणाऱ्याला कळतं. मग गोडाचा आग्रह आपोआप थांबतो.

'जेवूनच जा'चं थोडं वेगळं आहे. इथे 'तुम्हाला उगाच त्रास' हे कारण सर्वांत कच्चं. 'त्रास कसला, कुकर तर लावायचाय' म्हणून ते तिथल्या तिथे निकालात निघतं. 'जेवूनच निघालेय' म्हटलं तर 'मग दोन घास खा' येतं. कारण आपल्या घरचं आणि खरं असावं : 'घरी स्वयंपाक झालाय, सगळे जेवायचे थांबलेत.' दुसऱ्या घरचं अन्न वाया जावं, असं कोणी म्हणत नाही.

मात्र काहीच न घेता उठू नये. 'रिकाम्या तोंडी कशी जाशील?' हा आग्रह मोडणं मनाला लागतं. तेव्हा आपणच म्हणावं, 'जेवायला निवांत येईन, आज अर्धा कप चहा द्या.' आणि उठताना 'जाते' नाही, 'येते हं काकू' म्हणावं. पुन्हा येण्याची तारीख मात्र खरंच जमणार असेल तरच सांगावी, कारण त्या दिवशी तुमचं पान मांडलेलं असेल.