क्लायंटचा डेटा हाताळतोस तर पीआय, म्हणजे कामातल्या चुकीची भरपाई देणारी प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी, कधी घ्यायची

हे बघ, कॉन्ट्रॅक्टमधे इंडेम्निटीचा क्लॉज, म्हणजे तुझ्या चुकीने क्लायंटचं नुकसान झालं तर ते तू भरून द्यायचं असं कलम, दिसला की सही करायच्या आधीच पॉलिसीचं बघ, कारण प्रोप्रायटर असशील तर भरपाई थेट तुझ्या घरच्या पैशातून जाते. ही पॉलिसी बहुतेक क्लेम्स-मेड असते, म्हणजे समज 2023 मधे तू कुणाचं जीएसटीचं काम केलंस, त्यात चूक निघाली आणि नोटीस आली 2025 मधे, तर 2025 ला पॉलिसी चालू पाहिजे आणि तिच्यातली रेट्रोॲक्टिव्ह डेट, म्हणजे ज्या तारखेपासूनचं काम कव्हर होतं ती, त्या कामाच्या आधीची पाहिजे, नाहीतर क्लेम मिळत नाही. म्हणून रिन्यूअल चुकवू नकोस, गॅप पडला की जुनी तारीख जाऊ शकते. डेटा लीकचं कव्हर वेगळं विचारून घे, बऱ्याचदा त्याला सायबर पॉलिसी लागते. आणि नोटीस आली तर आधी इन्शुरन्स कंपनीला कळव, तोवर क्लायंटला ईमेलवर चूक कबूल करू नकोस.