हाय की अल्ट्रा? कुठे किती मिलिसेकंद जातात

आरटीएक्स ४०६० आणि रायझन ५ ५६०० आहे, मॉनिटर १०८०पी. हायवर ७५ एफपीएस येतात, अल्ट्रा केलं की ५२. डोळ्यांना तर फारसं काही वेगळं दिसत नाही. मग ही २३ फ्रेम जातात कुठे? – कर्वेनगर

आधी एफपीएस बाजूला ठेवून एका फ्रेमला किती वेळ लागतो ते पाहू या, म्हणजे हिशोब नीट लागतो. ७५ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १३.३ मिलिसेकंद, ५२ म्हणजे १९.२. म्हणजे अल्ट्रा तुमच्याकडून प्रत्येक फ्रेममागे सुमारे सहा मिलिसेकंद घेतंय. आता प्रश्न एवढाच, की हे सहा कोणी खाल्ले.

अल्ट्रा हे एकच बटण दिसत असलं तरी त्यामागे पंधरा-वीस सेटिंग एकदम वर सरकतात, आणि त्यातली दोन-तीनच खरी खादाड असतात. माझ्याकडेही ४०६० आहे. एका ओपन वर्ल्ड गेममध्ये मी बाजाराच्या चौकात सेव्ह करून ठेवलं, कॅमेरा हलवायचा नाही असं ठरवलं आणि अल्ट्रावर आकडा पाहिला: १९ मिलिसेकंद. मग एकेक सेटिंग हायवर आणत गेलो. `Volumetric Fog` खाली आणल्यावर २.२ मिलिसेकंद सुटले. सावल्या खाली आणल्यावर आणखी १.८. दोनच सेटिंग बदलून १५ मिलिसेकंदांवर, म्हणजे ६६ एफपीएसवर आलो. बाकी सगळं अल्ट्रावरच होतं.

याच दोन गोष्टी महाग का? सावली काढताना गेम सूर्याच्या बाजूने दृश्याचा एक नकाशा तयार करतो. त्याची बाजू २०४८ वरून ४०९६ केली की ठिपके चौपट होतात, आणि बदल्यात मिळते ती कठड्याच्या सावलीची जरा रेखीव कड. धुक्याचं तर त्याहून अवघड. ते लांबी, रुंदी आणि खोली असलेल्या जाळीवर मोजलं जातं. जाळी तिन्ही दिशांनी दुप्पट बारीक केली तर घरं आठपट होतात. धुकं मुळातच पुसट असतं, त्यामुळे एवढ्या खर्चाचं फळ दिसतच नाही. तुम्हाला फरक जाणवला नाही तो यामुळेच, नजर चांगलीच आहे तुमची.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे रिफ्लेक्शन. ‘सायबरपंक २०७७’मध्ये `Screen Space Reflections Quality`ला अल्ट्राच्याही वर `Psycho` अशी पायरी आहे. ती पायरी चालू ठेवून कार्डाला दोष देणारे कितीतरी जण मला भेटले आहेत. उलट अनायसोट्रॉपिक फिल्टरिंग १६x वर बिनधास्त ठेवा. लांबवर जाणारा रस्ता त्याने स्वच्छ दिसतो आणि आजच्या कार्डांना त्याचा भार जवळपास लागत नाही.

आरटीएक्स ३०७०, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम. सगळं हाय, फक्त टेक्श्चर अल्ट्रा. सरासरी ८० एफपीएस दाखवतं, पण वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी वळवली की झटके बसतात. कार्ड खराब झालंय का? – हडपसर

कार्ड ठणठणीत असावं, त्याची ८ जीबी मेमरी भरतेय.

टेक्श्चर हा इतर सेटिंगपेक्षा वेगळा प्राणी आहे. मेमरीत जागा असेपर्यंत ते जवळपास फुकट असतं, म्हणून सगळे ते आधी अल्ट्रावर नेतात. जागा संपली की उरलेलं सामान संगणकाच्या रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने आणावं लागतं. ३०७० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देते. तुमच्या बोर्डावरची ३.० ची वाट जेमतेम १६. घरातल्या फडताळातून डबा काढायचा की त्यासाठी दरवेळी मार्केट यार्डात जायचं, एवढा फरक. गाडी वळली की नवा रस्ता समोर येतो, नवी टेक्श्चर लागतात आणि नेमकी तीच एक फ्रेम ६०-७० मिलिसेकंद अडकते. सरासरीत ती बुडून जाते, म्हणून ८० दिसतात.

खात्री करायला टास्क मॅनेजरमध्ये `Performance`, मग `GPU` उघडा. `Dedicated GPU memory` आठच्या टोकाला टेकली असेल आणि झटके सुरू होताना `Shared GPU memory` चढत असेल, तर निदान पक्कं. टेक्श्चर एक पायरी खाली घ्या आणि गेम बंद करून पुन्हा सुरू करा. अनेक गेम चालू असताना भरलेली मेमरी नीट मोकळी करत नाहीत. मागे ब्राउझर उघडा असेल तर तोही बंद करा, तो याच आठातला वाटा घेतो.

माझा आय५ जुना आहे, कार्ड नवीन घेतलं. हायवर ५८ एफपीएस, अल्ट्रावरही ५८! सेटिंग लागतच नाहीये का? – चिंचवड

लागतंय. पण तुमच्याकडे कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसलंय. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये जीपीयूचा वापर पाहा. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर हेच कारण. अशा वेळी सावल्यांचा दर्जा, धुकं, रिफ्लेक्शन खुशाल अल्ट्रावर न्या, तुम्हाला ते फुकटच आहे. कमी करायचं ते गर्दी, नजरेचा पल्ला आणि रे ट्रेसिंग, कारण या तिन्हींचं काम प्रोसेसरवरही पडतं.

१४४०पी मॉनिटर घेतोय आणि मला सगळं अल्ट्राच हवंय. ४५० वॅटच्या एसएमपीएसवर कोणतं कार्ड चालेल? वळवाच्या पावसात लाइट जाते म्हणून ६०० व्हीएचा यूपीएसही आहे. – धायरी

१०८०पीवर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख, म्हणजे पावणेदोनपटीहून थोडे जास्तच. मॉनिटरच एवढं मागतोय, त्यावर अल्ट्राचा भार. माझं स्पष्ट मत, १४४०पीवर हाय हे १०८०पीवरच्या अल्ट्रापेक्षा कधीही सुंदर दिसतं, कारण दूरची झाडं, तारा, अक्षरं सगळंच रेखीव होतं.

१०८०पी हायला ४०६० च्या ताकदीचं ८ जीबी कार्ड पुरतं. १४४०पी हायला १२ जीबीचं आरटीएक्स ४०७० किंवा ५०७० घ्या. त्यावर बरेच गेम अल्ट्रावरही चालतील, पण नव्या जड गेममध्ये धुकं-सावल्या खाली आणाव्याच लागतील. रे ट्रेसिंगसकट सगळंच अल्ट्रा हवं असेल तर १६ जीबी आणि याहून वरचा वर्ग पाहावा लागेल.

आता वीज. ४०६० कार्ड ११५ वॅट घेतं, ४०७० हे २००, ५०७० हे २५०. वरच्या दोन्हींसाठी कंपनी ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते, तेव्हा तुमचा ४५० चा बदलावाच लागेल. ६०० व्हीएचे यूपीएस बहुधा ३६० वॅटचे असतात. कार्ड २००, प्रोसेसर शंभरच्या आसपास, मॉनिटर तीस-चाळीस, शिवाय एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज, एवढ्यातच तो काठावर येतो. मग लाइट गेल्या क्षणी यूपीएस नुसता ओरडून बंद पडतो आणि सेव्ह न केलेला खेळ जातो. यूपीएसच्या मागच्या पट्टीवर वॅटचा आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा. आणि फ्रेम ६० वर बांधून ठेवा. हायवर तेवढ्या काढून कार्डाला मध्ये श्वास घ्यायला वेळ उरतो, त्यामुळे वीजही कमी लागते. अल्ट्रावर तो उरत नाही, आणि एप्रिलच्या दुपारी बंद खोलीत ते सगळे वॅट उष्णता होऊन तुमच्याच अंगावर येतात.