संचलनात म्हटलेलं ‘लढतिल... लढतिल...’ असं गाणं कोणतं?

‘झेंडावंदनानंतर पावलं टाकत म्हणायचो. “लढतिल महिला, लढतिल बालक” आणि शेवटी “मरू” एवढंच आठवतंय.’

हे ‘जिंकू किंवा मरू’. गीत ग. दि. माडगूळकरांचं, संगीत वसंत देसाईंचं, १९६३च्या ‘छोटा जवान’ चित्रपटातलं. सुरुवात ‘माणुसकीच्या शत्रुसंगे’ अशी आहे.

खात्री पावलांवरूनच करा. ‘लढतिल’ चार मात्रा, ‘महिला’ही चारच, म्हणजे डावा, उजवा. ध्रुवपदात ‘जिंकू’ डावा, ‘किंवा’ उजवा, ‘मरू’ पुन्हा डावा. पुढचा उजवा लांबवलेल्या ‘रू’वर पडतो. तुमच्या आठवणीतही तिथेच शब्दाविना एक पाऊल उरत असेल, तर गाणं हेच. मला तर त्या रिकाम्या पावलासकटच ते पाठ आहे!